ऑफिसची मेल आपोआप खाजगी खात्यात: काय बाहेर जाते, नियम कुठे सापडतो आणि तो बंद कसा करायचा

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. ऑफिसची मेल पाहायची तर वेगळे ॲप, वेगळा पासवर्ड, वर दर वेळी फोनवर येणारा कोड. त्यापेक्षा सगळी मेल आपल्या रोजच्या खात्यात आपोआप येऊ दिली तर? सेटिंगमध्ये जाऊन खाजगी पत्ता टाकायचा, जतन करायचे, दोन मिनिटांत काम संपले. पुढे त्याकडे पाहावेही लागत नाही, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

एखादी मेल तुम्ही हाताने पुढे पाठवता तेव्हा ती निदान वाचलेली असते. त्यात काय आहे हे माहीत असते, आणि पाठवू नये असे वाटले तर हात थांबतो. ऑटो-फॉरवर्डचा नियम लावताना मात्र तुम्ही अजून न आलेल्या मेलबद्दल आजच निर्णय घेऊन टाकता. पुढच्या महिन्यात कुणी पगाराची यादी पाठवील, कुणी ग्राहकाचा करार पाठवील, कुणी चुकून भलतीच फाइल जोडील. नियमाला त्यातले काहीच कळत नाही. पाठवणाऱ्यालाही कळत नाही की आपली मेल ऑफिसच्या पत्त्यावर न थांबता पुढे जाते आहे.

मी मेल-व्यवस्था सांभाळण्याचे काम करतो. माझ्या आधीच्या ऑफिसात घडलेल्या एका प्रकरणाच्या आधाराने हे सगळे क्रमाने सांगतो, म्हणजे कोणती पायरी कशासाठी हे लक्षात राहील.

प्रकरण

पगार विभागात एक सहकारी नव्याने रुजू झाली. तिसऱ्याच दिवशी तिने ऑटो-फॉरवर्ड लावले. कारण अगदी प्रामाणिक होते. महिनाअखेरीस मंजुरीच्या मेल संध्याकाळी उशिरा यायच्या आणि तिच्या फोनवर ऑफिसचे मेल ॲप अजून सुरू करून मिळाले नव्हते. दोन आठवड्यांनी ॲप सुरू झाले. नियम मात्र तसाच राहिला, कारण तो आहे हे तिच्याही डोक्यातून गेले होते.

अकरा आठवड्यांनी ते उघड झाले, तेही आडवाटेने. एका संध्याकाळी तिने बाहेरच्या लेखापरीक्षकाच्या मेलला फोनवरून उत्तर दिले. ती मेल तिने खाजगी खात्यात वाचली होती, त्यामुळे उत्तरही खाजगी पत्त्यावरून गेले. लेखापरीक्षकाने सगळ्यांना उत्तर दिले आणि तो पत्ता संभाषणात कायमचा येऊन बसला. तीन दिवसांनी त्याने पगाराचे पूर्ण विवरणपत्र त्याच पत्त्यावर पाठवले. तिच्या वरिष्ठांना पत्त्यांच्या ओळीत एक अनोळखी पत्ता दिसला आणि त्यांनी विचारले, "हा कुणाचा?"

नवख्यांच्या ध्यानात सहसा न येणारी बाब इथे आहे. सुरुवातीला ऑफिसच्या मेलची फक्त प्रत बाहेर जात होती. त्या एका उत्तरानंतर सगळे संभाषणच बाहेर गेले. लेखापरीक्षकाच्या पुढच्या मेल ऑफिसच्या पत्त्याला शिवतच नव्हत्या. नियम बंद केला असता तरी त्या खाजगी खात्यात येतच राहिल्या असत्या.

नेमके काय बाहेर गेले

नंतर तिच्या खाजगी खात्यातल्या प्रती मोजल्या, त्या २,१४३ भरल्या. त्यांचे आम्ही चार ढीग केले. १,६८८ मेल बैठकांची आमंत्रणे, सूचना, स्वयंचलित अहवाल अशा किरकोळ होत्या. ४१५ मेलमध्ये अंतर्गत चर्चा आणि लोकांची नावे होती. ३१ मेलना पगाराशी संबंधित फाइली जोडलेल्या होत्या आणि त्यांतल्या तीन म्हणजे पूर्ण महिन्याच्या याद्या, बँक खात्यांच्या क्रमांकांसह. उरलेल्या ९ मेलमध्ये पासवर्ड बदलण्याच्या लिंक किंवा एकदाच वापरायचे कोड होते.

पहिल्या ढिगाकडे पाहून माणूस म्हणतो, "यात आहे काय एवढे?" बहुतेक मेल खरोखरच तशा असतात. पण नुकसान सरासरी मेलने होत नाही, त्या ३१ आणि ९ मेलने होते, आणि त्या कोणत्या असतील हे नियम लावताना कुणालाच सांगता येत नाही.

शेवटचा ढीग सगळ्यांत लहान असला तरी मला सगळ्यांत जास्त काळजी त्याची वाटते. पगाराचे पोर्टल, खर्चाचे पोर्टल, ग्राहकांची नोंदवही अशा ऑफिसच्या अनेक प्रणाली पासवर्ड विसरल्यावर मेलवर लिंक पाठवतात. ऑफिसच्या मेल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी असेल, पण नियम ही पडताळणी ओलांडून जातो. मेल सर्व्हरवरूनच बाहेर पडते, तिला कुणाच्या लॉगिनची गरज नसते. म्हणजे ज्याच्या हाती तुमचे खाजगी खाते लागले तो पोर्टलवर जाऊन "पासवर्ड विसरलो" दाबेल आणि खाजगी खात्यात आलेली लिंक उघडेल. ऑफिसच्या दाराला दोन कुलपे असली तरी किल्ली तुमच्या घरच्या खिडकीत ठेवल्यासारखे होते. माझ्या सहकारीच्या खाजगी खात्याला फक्त पासवर्ड होता, आणि ते खाते घरातले सगळे वापरत असलेल्या एका लॅपटॉपवर कायम उघडे असायचे.

धोरणाचा भंग नेमका कुठे होतो

बहुतेक संस्थांत रुजू होताना आपण माहितीच्या वापराचे धोरण वाचून सही केलेली असते. ते पुन्हा उघडा आणि त्यात तीन गोष्टी शोधा. ऑफिसच्या मेलचे बाहेरच्या पत्त्यावर स्वयंचलित प्रेषण, गोपनीय माहिती खाजगी खात्यात किंवा उपकरणात ठेवणे, आणि मेल किती काळ जपायची व कधी नष्ट करायची. पहिली गोष्ट शब्दशः लिहिलेली नसली तरी दुसरीत ती येऊन जाते, म्हणून "धोरणात ऑटो-फॉरवर्ड असा शब्दच नाही" ही सबब टिकत नाही.

तिसऱ्या गोष्टीकडे फारसे कुणी पाहत नाही. संस्था ठरावीक काळानंतर जुनी मेल नष्ट करते, किंवा एखादा वाद सुरू असेल तर ठरावीक मेल मुद्दाम जपून ठेवते. तुमच्या खाजगी खात्यातल्या प्रतीला यातला कोणताच नियम लागू करता येत नाही. संस्थेने नष्ट केलेली मेल तुमच्याकडे शिल्लक राहते. पुढे चौकशी किंवा खटला झाला तर तुमचे खाजगी खातेही तपासाच्या कक्षेत येऊ शकते, आणि त्यात तुमची घरची मेलही असते.

शिवाय ग्राहकाशी केलेला करार असतो. त्यांची माहिती ठरलेल्या प्रणालींतच राहील असे संस्थेने त्यांना लिहून दिलेले असू शकते. तुमच्या एका नियमामुळे संस्थेचा तो शब्द मोडतो, आणि तो मोडला आहे हे संस्थेला ठाऊकही नसते.

पायरी १: नियम शोधा

"मी असे काही लावलेले नाही" याची खात्री असली तरी एकदा बघाच. नियम एकाच जागी नसतो.

ऑफिसची मेल जीमेलवर चालत असेल तर `Settings` मधून `See all settings` उघडा. `Forwarding and POP/IMAP` या टॅबवर सगळी मेल पुढे पाठवण्याचा नियम दिसतो. तिथे काही नसले तरी थांबू नका. शेजारच्या `Filters and Blocked Addresses` टॅबवर प्रत्येक फिल्टर वाचा, कारण ठरावीक मेलच पुढे पाठवणारा फिल्टर पहिल्या टॅबवर दिसत नाही. फिल्टरच्या वर्णनात `Forward to` आणि पुढे पत्ता असेल तर तोही ऑटो-फॉरवर्डच.

आउटलुक असेल तर ब्राउझरमधून उघडा. `Settings`, मग `Mail`, मग `Forwarding` पाहा. त्यानंतर `Mail` खालीच `Rules` मध्ये जाऊन प्रत्येक नियम उघडून बघा. `Forward to`, `Forward as attachment` आणि `Redirect to` या तिन्ही क्रियांनी मेल बाहेर जाते. फरक इतकाच की पहिल्या दोन्हींत पुढे गेलेली मेल तुमच्या नावाने पोहोचते आणि `Redirect to` मध्ये मूळ पाठवणाऱ्याच्या नावाने. ब्राउझरचा आग्रह धरण्याला कारण आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये एफबीआयने संस्थांना यासाठीच सावध केले होते. हल्लेखोर वेबवरच्या मेलमध्ये फॉरवर्डचे नियम लावतात आणि ते संगणकावरच्या मेल प्रोग्रॅमशी जुळवून घेतलेले नसतील तर सुरक्षा सांभाळणाऱ्यांच्या नजरेतून निसटतात.

तिसरी जागा तुम्हाला दिसेलच असे नाही, ती प्रशासकाच्या बाजूला असते. आयटी विभागाला विचारलेत तर मायक्रोसॉफ्टच्या मेलसाठी ते अशा दोन आज्ञांनी काही सेकंदांत सांगू शकतात:

```
Get-Mailbox -Identity name@example.com | Format-List ForwardingAddress,ForwardingSmtpAddress,DeliverToMailboxAndForward
Get-InboxRule -Mailbox name@example.com | Format-List Name,Enabled,ForwardTo,RedirectTo,ForwardAsAttachmentTo
```

चौथी जागा उलट्या बाजूची आहे. ऑफिसचे खाते मेल ढकलत नसेल, पण खाजगी खाते किंवा फोनवरचे एखादे तिसरे ॲप ऑफिसच्या खात्यात लॉगिन करून मेल ओढून घेत असेल. हे जास्त वाईट, कारण अशा वेळी ऑफिसच्या खात्यात शिरण्याची परवानगीच, कधी कधी तर पासवर्डही, बाहेर जाऊन बसलेला असतो. खाजगी खात्याच्या सेटिंगमध्ये दुसरी मेल खाती जोडलेली आहेत का ते पाहा.

शोधताना तुम्ही न लावलेला नियम सापडला तर इथेच थांबा. तो पुसू नका. त्याचा फोटो किंवा स्क्रीनशॉट घ्या आणि लगेच आयटी विभागाला फोन करा. असे नियम बरेचदा नजरेत न भरणारे असतात, नाव म्हणून नुसते एक टिंब असते आणि अट म्हणून `invoice` किंवा `payment` असा शब्द. खात्यात कुणी शिरले असेल आणि तुम्ही फक्त पासवर्ड बदललात तरी नियम चालूच राहतो. तो सर्व्हरवर असतो, पासवर्डशी त्याचा संबंध नाही.

पायरी २: नोंद करा, मग बंद करा

नियम तुमचाच असेल तर बंद करण्याआधी दोन मिनिटे द्या. त्यातला पत्ता, अटी आणि "मूळ प्रत ठेवा" ही खूण लावलेली आहे की नाही, हे सगळे दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. नियम कधी लावला ते आठवत नसेल तर खाजगी खात्यातली सर्वांत जुनी ऑफिसची मेल शोधा, तारीख तिथे मिळेल.

"मूळ प्रत ठेवा" ही खूण नसेल तर वेगळी अडचण आहे. ऑफिसच्या खात्यात मेल उरलेलीच नाही, एकमेव प्रत खाजगी खात्यात आहे. आणि तीही असेलच याची हमी नाही. कारण असे की जवळपास प्रत्येक डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग, आपल्या नावाने मेल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकते याची यादी जाहीर करते, तिला एसपीएफ म्हणतात. बाहेरच्या माणसाची मेल तुमच्या ऑफिसच्या सर्व्हरवरून त्याच्याच नावाने पुढे गेली तर तो सर्व्हर त्या यादीत नसतो. मेलवरची डिजिटल सही शाबूत असेल तर निभावते. पण अनेक ऑफिसांत बाहेरून आलेल्या मेलच्या माथ्यावर "ही मेल बाहेरून आली आहे" अशी ओळ जोडतात. त्या ओळीने मजकूर बदलतो आणि सही जुळत नाही. मग खाजगी मेल सेवेला ती बनावट वाटते. ती स्पॅममध्ये जाते किंवा सरळ नाकारली जाते. सोय म्हणून लावलेल्या नियमाने महत्त्वाची मेल हरवणे हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता नियम बंद करा. नंतर तिसऱ्याच एखाद्या खात्यावरून ऑफिसच्या पत्त्यावर चाचणीची मेल पाठवा, दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि खाजगी खात्याचा इनबॉक्स व स्पॅम दोन्ही पाहा. फिल्टरमध्ये विशिष्ट अट असेल तर चाचणीच्या मेलमध्ये ती अट पूर्ण होईल असा शब्द घाला, नाहीतर चाचणीला अर्थ राहत नाही.

पायरी ३: आधी सांगा, मग पुसा

नवखा माणूस सर्वांत जास्त चुकतो तो इथे. नियम बंद केल्यावर पहिली ऊर्मी येते ती खाजगी खात्यातल्या सगळ्या प्रती पुसून टाकण्याची. हेतू चांगलाच असतो. पण पुसल्यावर काय काय बाहेर गेले होते हे मोजणे अवघड होऊन बसते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते पुरावा लपवण्यासारखे दिसते. आयटी विभागाकडे नोंदी असतात, पण कायमच्या नसतात. मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन मेलमध्ये एखादी मेल कुठून कुठे गेली याचा माग ९० दिवसांपर्यंतच काढता येतो. माझ्या सहकारीचे अकरा आठवडे म्हणजे ७७ दिवस, म्हणून आम्ही जेमतेम सुटलो. आणखी दोन आठवडे उशीर झाला असता तर पहिल्या दिवसांचा हिशेब फक्त तिच्या खाजगी खात्यातूनच करावा लागला असता.

वरिष्ठ आणि आयटी विभाग दोघांनाही एकाच मेलने कळवा. मेल ऑफिसच्या पत्त्यावरूनच करा. मजकूर लांब नको:

"माझ्या ऑफिसच्या खात्यावर अमुक तारखेपासून आजपर्यंत सर्व मेल माझ्या खाजगी पत्त्यावर आपोआप जात होत्या. नियम मी स्वतः लावला होता. आज अमुक वाजता तो बंद केला आहे आणि चाचणी घेतली आहे. खाजगी खात्यातल्या प्रती अजून पुसलेल्या नाहीत. पगाराच्या याद्या आणि पासवर्डच्या लिंक त्यात आहेत असे वाटते. पुढे काय करू ते कृपया सांगा. स्क्रीनशॉट जोडला आहे."

यात माफीनामा नाही, सबबही नाही, आणि पहिल्या वाक्यातच कालावधी आहे. तपास करणाऱ्याला आधी हेच हवे असते. वेळेलाही महत्त्व आहे. उदाहरणार्थ, युरोपीय संघाच्या जीडीपीआर कायद्यात वैयक्तिक माहितीचा भंग झाल्याचे कळल्यापासून ७२ तासांत संस्थेने नियामकाला कळवायचे असते. त्यातून फक्त लोकांना धोका होण्याची शक्यता नसलेले प्रकार वगळले आहेत. तुमची संस्था कोणत्या कायद्याखाली येते हे ठरवणे तुमचे काम नाही, पण तुम्ही चार दिवस गप्प बसलात तर ठरवणाऱ्यांच्या हातातले दिवस जातात.

पायरी ४: मोजा

खाजगी खाते जीमेलचे असेल तर शोधाच्या चौकटीत असे लिहा:

```
to:name@example.com has:attachment
to:name@example.com filename:xlsx
to:name@example.com (password OR OTP OR verification)
```

`name@example.com` च्या जागी तुमचा ऑफिसचा पत्ता. मूळ मेलवर ऑफिसचाच पत्ता असतो, म्हणून पुढे आलेल्या बहुतेक प्रती या शोधात सापडतात. आउटलुकच्या `Forward to` किंवा `Forward as attachment` नियमाने आलेल्या प्रती मात्र तुमच्या नावाने आलेल्या असतात, त्यांच्यासाठी `to:` च्या जागी `from:` लिहून शोधा. एखाद्या गटाच्या पत्त्यावर आलेल्या मेलही निसटतात. त्यांच्यासाठी त्या गटाचा पत्ता घालून पुन्हा शोधा. तिसऱ्या ओळीत तुमच्या ऑफिसच्या मेल ज्या भाषेत येतात त्या भाषेतले शब्दही घाला.

मोजणी आयटी विभागाने सांगितली तशीच करा. त्यांनी सोबत बसायला सांगितले तर बसा. फाइली उघडून पाहू नका आणि उतरवून घेऊ नका, उतरवलेली प्रत्येक फाइल म्हणजे आणखी एक प्रत. मेलचा विषय आणि फाइलचे नाव बहुतेक वेळा पुरते.

मग प्रश्न येतो की खाजगी खात्यात दुसरे कुणी शिरले होते का. गूगल खात्याच्या `Security` विभागात `Your devices` खाली कोणत्या उपकरणांवर खाते वापरले गेले ते दिसते. सहकारीच्या यादीत तिचा फोन आणि घरचा लॅपटॉप एवढेच होते. सगळ्यांना हायसे वाटले, पण ही यादी सध्या लॉगिन असलेली आणि गेल्या २८ दिवसांतली उपकरणेच दाखवते. आमचा कालावधी ७७ दिवसांचा होता. म्हणून अहवालात आम्ही "कुणी शिरले नाही" असे लिहिले नाही, "शिरल्याची खूण आढळली नाही, आधीच्या काळाची नोंद उपलब्ध नाही" असे लिहिले. घरच्या लॅपटॉपवर कुणी काही उघडले का, हे तर कोणतीच यादी सांगत नाही. ते तिला घरी विचारावे लागले.

त्या ९ मेलशी संबंधित सगळ्या प्रणालींचे पासवर्ड त्याच दिवशी बदलले. जुन्या लिंकची मुदत संपली होती, तरी मधल्या काळात कुणी पासवर्ड बदलून आत शिरले होते का, हे प्रत्येक प्रणालीच्या लॉगिन नोंदीत पाहिले.

पायरी ५: सांगितल्यावर पुसा, आणि सगळीकडून पुसा

परवानगी लेखी आली की पुसायला घ्या. जीमेलमध्ये पुसलेली मेल `Trash` मध्ये ३० दिवस राहते, म्हणून ती तिथूनही कायमची काढा. मग आठवून पाहा: फोनवर उतरवलेल्या फाइली, लॅपटॉपचे `Downloads` फोल्डर, संगणकावरचा मेल प्रोग्रॅम, क्लाउडवर आपोआप जाणारा बॅकअप. खाजगी खातेच पुढे आणखी एका जुन्या खात्याला मेल पाठवत असेल तर तेही. वर्षानुवर्षे न उघडलेले जुने खाते धोक्याचे असते. याहूने २०१३ मध्ये वापरात नसलेले पत्ते मोकळे करून नव्या लोकांना दिले होते, आणि त्यांतल्या काहींकडे जुन्या मालकांच्या मेल येऊ लागल्या होत्या.

ज्यांच्याकडे तुमचा खाजगी पत्ता पोहोचला आहे त्यांना ऑफिसच्या पत्त्यावरून कळवा की यापुढे हाच पत्ता वापरावा. सहकारीने लेखापरीक्षकाला मेल केलीच, वर फोनही केला, कारण मेल प्रोग्रॅम जुना पत्ता लक्षात ठेवतो आणि नावाची दोन अक्षरे टाइप करताच तोच पुढे करतो. त्याला तो पत्ता सूचनांच्या यादीतून काढायला सांगावे लागले.

पायरी ६: मूळ गरज वेगळ्या वाटेने भागवा

नियम बंद झाला तरी तो ज्यासाठी लावला ती गरज राहतेच, आणि ती भागली नाही तर माणूस पुन्हा नियम लावतो. फोनवर मेल हवी असेल तर आयटी विभागाकडून ऑफिसचे ॲप सुरू करून घ्या. त्यातली माहिती वेगळ्या कप्प्यात राहते आणि फोन हरवला तर संस्था तेवढा कप्पा दुरून पुसू शकते. रजेवर असताना काम अडू नये म्हणून नियम लावला असेल तर अनुपस्थितीचे स्वयंचलित उत्तर लावा आणि त्यात पर्यायी सहकाऱ्याचा पत्ता द्या, किंवा सहकाऱ्याला तुमच्या खात्याचा अधिकृत प्रवेश मिळवून द्या. स्वतःची पगारपावती जपायची असेल तर पोर्टलवरून तेवढी एकच उतरवून घ्या, तेही धोरणात बसत असेल तर.

ॲप मिळायला दोन आठवडे लागणार असतील तर वरिष्ठांना तसे सांगा. उशिरा येणाऱ्या मेलसाठी तोवर फोन करायचे ठरवता येते. आमच्या प्रकरणात शेवटी हेच ठरले, आणि ते पहिल्याच दिवशी ठरवता आले असते.

नियम लावून पाहिल्यावर `550 5.7.520 Access denied, Your organization does not allow external forwarding` असा निरोप परत आला तर संस्थेने बाहेरचे फॉरवर्ड मुळातच बंद केले आहे असे समजा. मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन मेलमध्ये आता मूळ सेटिंगच तसे असते. अशा वेळी दुसऱ्या एखाद्या स्वयंचलन साधनाने मेल बाहेर काढण्याची युक्ती शोधू नका. आधी न कळत चूक झाली असे म्हणता आले असते. अडवल्यावर शोधलेल्या वाटेबद्दल तसे म्हणता येत नाही.

खाते सोडताना आणि खाते घेताना

या प्रकरणानंतर आयटी विभागाने सगळीच खाती तपासली. ऑर्डर घेणाऱ्या एका सामायिक खात्यावर जुना नियम सापडला. ते खाते आधी एका कर्मचाऱ्याचे होते. तो गेल्यावर पासवर्ड बदलून खाते त्याच्या जागी आलेल्याला वापरायला दिले गेले, पण नियमाकडे कुणी पाहिले नव्हते. नव्या माणसाला येणारी प्रत्येक ऑर्डर नोकरी सोडून गेलेल्याच्या खाजगी खात्यातही पोहोचत होती. दोघांनाही याची कल्पना नव्हती.

म्हणून दुसऱ्याचे खाते तुमच्याकडे आले तर पहिली मेल वाचण्याआधी पायरी १ मधल्या जागा तपासून घ्या. आणि राजीनामा देताना स्वतःच्या खात्यावर नियम नाही याचा स्क्रीनशॉट शेवटच्या दिवसाच्या आधीच काढून आयटी विभागाला पाठवा. नोटिशीच्या काळात बाहेर जाणाऱ्या मेलकडे संस्था बारकाईने पाहतात, आणि तीन वर्षांपूर्वी सोयीसाठी लावून विसरलेला नियम त्या काळात माहिती घेऊन जाण्याच्या प्रयत्नासारखा दिसतो.